स्टेकिंगचं उत्पन्न आणि आगाऊ निर्णय

प्रश्न: परदेशी प्लॅटफॉर्मवर क्रिप्टो स्टेकिंगमधून दोन लाख मिळाले. त्यावर कर कसा लागेल, याबद्दल रिटर्नआधी आयकर खात्याचा आगाऊ निर्णय मागता येईल का?

उत्तर: तुम्ही भारतात निवासी असाल, तर नाही. स्वतःच्या करदायित्वाबद्दल निवासी माणसाला हा अर्ज करायचा, तर व्यवहार किमान 100 कोटींचा लागतो. ‘समोरची कंपनी परदेशी आहे ना?’ हा मुद्दाही चालत नाही. त्या वाटेने फक्त त्या अनिवासी कंपनीच्या कराबद्दल विचारता येतं. दुबईतला अनिवासी भाऊ मात्र स्वतःच्या भारतातल्या कराबद्दल विचारू शकेल.

तुम्ही सीएकडून लेखी मत घ्या आणि उत्पन्न रिटर्नमध्ये उघड दाखवा. पुढे खात्याचं मत वेगळं पडलं, तरी सगळी माहिती प्रामाणिकपणे दिली असेल तर दंडाविरुद्ध बाजू मांडता येते. फरकाचा कर आणि व्याज मात्र भरावंच लागेल.