u सोबत 1−u कशाला?

मोंटे कार्लो पद्धतीत, म्हणजे रँडम नमुन्यांच्या सरासरीवरून उत्तराचा अंदाज घेताना, ० ते १ मधल्या रँडम u सोबत 1−u घेतल्याने व्हेरियन्स कमी कसा होतो? नवीन माहिती तर काहीच येत नाही.

० ते १ मध्ये e^x चं इंटिग्रल घ्या. खरं उत्तर १.७१८३. समजा u = ०.२ आला. e^0.2 = १.२२१४, बराच कमी. जोडीदार ०.८ देतो २.२२५५, जवळजवळ तेवढाच जास्त. सरासरी १.७२३५! एकाची चूक दुसरा भरून काढतो, कारण दोघांचा कोव्हेरियन्स ऋण आहे. दोन स्वतंत्र नमुन्यांच्या सरासरीचा व्हेरियन्स ०.१२१० असतो, या जोडीचा फक्त ०.००३९.

फलन सतत चढतं किंवा सतत उतरतं असेल तर ही खात्री मिळते, एरवी नाही मिळेलच असं. (x−0.5)^2 ला दोन्हीकडे तीच किंमत येते, दुसरं गणित वाया जातं. आणि स्टँडर्ड एरर जोड्यांच्या सरासऱ्यांवरूनच काढा. सुटे आकडे एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत.