वहीत पासवर्ड होता, पण सिम बंद होतं

"माझं वय एकसष्ट. ईमेल, हजारो फोटो, बँकेचे व्यवहार, सगळं फोनवरच आहे. माझ्यामागे मुलीची धावपळ नको, म्हणून सगळे पासवर्ड मृत्युपत्रात लिहून ठेवले तर चालेल ना?"

मृत्युपत्रात लिहू नका. ते न्यायालयात सादर झालं तर अनेकांच्या हाती जातं, आणि पासवर्ड बदलला म्हणून दर वेळी नवं मृत्युपत्र कोणी करत नाही.

शिवाय नुसता पासवर्ड पुरतही नाही. पती गेल्यावर एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्या वहीत ईमेलचा पासवर्ड सुवाच्य अक्षरात होता, बरोबरही होता. पण तो टाकला की पतीच्या नंबरवर कोड जायचा, आणि तो नंबर मुलाने दुसऱ्याच महिन्यात बंद केला होता. कोणी वापरत नाही, मग बिल कशाला भरायचं, एवढाच त्याचा हिशेब. नातवाचे पहिल्या दिवसापासूनचे फोटो त्याच खात्यात होते. त्यावरून मायलेकांचं बोलणं बंद झालं होतं. मला फोटोंपेक्षा तेच जास्त लागलं.

मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि स्वतःचं ओळखपत्र जोडून आम्ही कंपनीकडे अर्ज केला. पासवर्ड कंपनी देत नाहीच. काही महिन्यांनी फोटो मिळाले, पत्रव्यवहार मिळाला नाही.

तुम्ही हे सगळं आजच टाळू शकता. गूगलच्या खात्यात Inactive Account Manager आहे. खातं 3, 6, 12 की 18 महिने वापरात नसलं की कोणाला कळवायचं आणि काय द्यायचं, हे त्यात तुम्हीच ठरवता. आयफोन असेल तर Legacy Contact म्हणून मुलीचं नाव घाला. तिला एक ॲक्सेस की मिळते. ती आणि मृत्यूचा दाखला दिला की फोटो उघडतात. मात्र फोनमध्ये साठवलेले पासवर्ड त्यातून मिळत नाहीत, म्हणून खात्यांची वेगळी यादी लागतेच.

त्या यादीत कुठली खाती आहेत, कोणतं जपायचं, कोणतं पुसायचं आणि फोनचा पिन काय, एवढं लिहून पाकीट बंद करा. मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमा, डिजिटल खाती हाताळायचा अधिकार त्याला स्पष्ट शब्दांत द्या आणि पाकीट कुठे आहे तेवढंच लिहा. हे कलम वकिलाकडून तपासून घ्या, कारण नियम ठिकाणागणिक बदलतात.

बँकेचे पासवर्ड मात्र त्या पाकिटात नकोत. मृत्यूनंतर तुमच्या नावाने लॉगिन करून मुलीने पैसे काढले, तर वारसाहक्क असूनही ती अडचणीत येऊ शकते. फक्त बँकेचं नाव लिहा. पुढचं काम दाखला आणि वारसाची कागदपत्रं करतात.

आणि पाकिटावर ठळक अक्षरात लिहा: सगळी खाती मार्गी लागेपर्यंत माझा नंबर बंद करू नका.