रात्रीची भूक संध्याकाळीच तयार होते

प्रश्न: दिवसभर मोजून-मापून खाते, पण रात्री साडेदहा-अकराला डबे उघडले जातातच आणि सगळं पाण्यात जातं. संध्याकाळी भाजलेले चणे, फळ, ताक असं ठरवून खाल्लं तर खरंच फरक पडतो का? किती आणि कधी खायचं?

पडतो. पण आधी रात्रीचं जेवण कितीला होतं ते सांगा, कारण सगळं त्यावर ठरतं. आमच्याकडे यावरून भर चवथीत वाद झालाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं म्हापशाला किराणा दुकान आहे. ह्यांचं दुपारचं जेवण दीडला, शीत-कडी आणि तळलेला तुकडा. थोडी आडवारणी करून साडेतीनला दुकान पुन्हा उघडायचं. साडेचारला चहा आणि त्यात बुडवून एखादं काकण, म्हणजे बांगडीसारखा कडक पाव. साडेआठला दुकान बंद, घरी यायला नऊ, पानावर बसायला साडेनऊ. म्हणजे दीड ते साडेनऊ, आठ तास. त्यात पोटात काय गेलं, तर गोड चहा आणि मैदा. मग पानावर बसले की पहिला भात कधी संपला ते कळायचं नाही, दुसरा भात यायचाच. आणि एवढं जेवून अकराला टीव्हीसमोर फरसाणाचा डबा.

ह्यांचे थोरले भाऊ चवथीला सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, सहानंतर त्याच्या तोंडाला कुलूप लावा. मनाचा निग्रह नाही, दुसरं काही नाही." मला ते फार लागलं. जो माणूस पहाटे उठून माल उतरवून घेतो, त्याला निग्रह शिकवायचा?

मी वाद घालत बसले नाही. दुकानाच्या जुन्या वहीत मागच्या पानावर ह्यांनी रात्री दहानंतर काय खाल्लं ते लिहायला लागले आणि शेजारी संध्याकाळी काय खाल्लं तेही. चित्र लगेच दिसलं. शेजारच्या गाड्यावरचा भजी-पाव खाल्लेला असला किंवा नुसत्या चहावर भागवलेलं असलं, की रात्री डबा निघायचा. रविवारी दुकान बंद. त्या दिवशी सहाच्या सुमाराला सकाळची उरलेली उसळ वाटीभर पोटात जायची, आणि त्या रात्री फरसाणाची आठवणही व्हायची नाही. माणूस तोच, निग्रह तोच.

मग दुकानासाठी असं बसवलं. वेळ सव्वासहा ते साडेसहा, गिऱ्हाइकांची गर्दी व्हायच्या आधी. चहा साडेचारलाच, पण नुसता, काकण बंद. फुटाणे सालीसकट, तीस ग्रॅम. दुकानाच्याच तराजूवर तोलले, एक मोठी मूठ भरते. एक मध्यम पेरू, नाहीतर केळं. आणि ताक: अर्धी वाटी दही, दीड वाटी पाणी, जिरेपूड, ठेचलेलं आलं, चिमूटभर मीठ. सगळं मिळून सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी आणि आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं होतात. आधी चणे, सावकाश चावून, मग फळ, शेवटी ताक. चणे चावायला वेळ लागतो हाच त्यांचा मोठा गुण. भजी-पाव उभ्या-उभ्या चार घासांत संपतो.

यातलं एकेक सुटं खाऊन चालत नाही. आधी मी नुसती पपई कापून द्यायचे, आठ वाजता फोन यायचा, जेवण तयार आहे ना? फळात प्रथिनं जवळजवळ नसतातच, त्यामुळे त्याने भूक फार वेळ थांबत नाही. ताक तर बहुतेक पाणीच. पोट धरून ठेवतात ते चणे. फळाने गोडाची ओढ भागते आणि ताकाने कोरडे चणे खाली उतरतात.

चणे पोत्यातून थेट घेऊन खाल्ले तर हिशेब बुडाला म्हणून समजा. आमच्याकडे पोतं समोरच असतं, हात जाणारच. म्हणून सकाळीच स्टीलच्या डबीत भरून गल्ल्याजवळ ठेवते. डबी संपली की विषय संपला. मसाला लावलेले, तेलात परतलेले चणे नकोत. ते चवीसाठी खाल्ले जातात, आणि मीठ वेगळंच.

आपल्या पावसात आणखी एक अडचण येते. जून-जुलैत चणे दोन दिवसांत सादळतात. दाताखाली कुरकुरले नाहीत की माणूस डबी बाजूला सारतो आणि पावसाच्या गारव्यात समोरची कढई दिसते. म्हणून पावसाळ्यात थोडेच आणायचे, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायचे, आणि नरम वाटले तर कोरड्या कढईत मंद आचेवर दोन-चार मिनिटं परतून पूर्ण गार झाल्यावरच डबीत भरायचे. गरम भरले तर वाफेने पुन्हा नरम. मे महिन्यात तीच गोष्ट ताकाची, दुपारपर्यंत आंबून जातं. गार ताक थर्मासमध्ये द्या.

जमलं की नाही ते रात्री अकराला बघू नका, जेवणाच्या पानावर बघा. वाढेपर्यंत माणूस शांत बसला, भात एकदाच घेतला, की बसलं गणित. उलट हे सगळं खाऊनही जेवण पूर्वीइतकंच होत असेल, तर तुम्ही नुसती भर घातलीत. मग रात्रीचा भात मुद्दाम कमी वाढून घ्या.

आणि तरीही अकराला हात डब्याकडे जात असेल तर स्वतःला विचारा, आता आमटी-भात दिला तर खाईन का? हो असेल तर ती खरी भूक, म्हणजे दिवसाचं जेवणच कमी पडतंय. तुम्ही मोजून खाता म्हणालात, तिथे मला थोडी शंका आहे. दुपारी डाळ, उसळ, मासळी नीट होते ना ते पाहा. आमटी-भात नको, चिवडाच हवा असेल, तर ती टीव्हीची आणि जागरणाची सवय. तिथे चणे काही करणार नाहीत, लवकर झोपावं लागेल. आमच्याकडे मॅचच्या रात्री अजूनही डबा निघतो.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर खाण्याच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला. मूत्रपिंडाचा त्रास असेल तरीही आधी विचारा. दात कमजोर असतील तर फुटाण्यांऐवजी सोललेलं डाळं घ्या. चण्यांची सवय नसेल तर सुरुवातीला पोट फुगतं, अर्ध्या मुठीने सुरू करा.

राहिले आमचे भावोजी. ते निवृत्त शिक्षक. संध्याकाळी साडेसातला जेवतात आणि साडेनऊला झोपतात. त्यांच्या घड्याळात सहानंतर काही न खाणं बरोबरच आहे, जेवण दीड तासावर असतं. पण दुकानदाराला, बसने येणाऱ्या नोकरदाराला, शिफ्टवाल्याला तोच नियम लावायचा आणि तो मोडला की त्याला दुबळ्या मनाचा म्हणायचं, हे मला मान्य नाही. ह्यांचा पट्टा आता आतल्या भोकावर आलाय. तुमच्या घरातही कोणी असं बोलत असेल, तर त्यांना एवढंच विचारा: तुम्ही स्वतः रात्री कितीला जेवता?