कुलपाचा लंबक आणि उतरवलेली रीडिंग्ज

प्रश्न: घरी दिलेली असाइनमेंट मुलं एकमेकांची नाहीतर चॅटजीपीटीची उतरवून आणतात. प्रश्नच असा कसा काढावा की नक्कल पटकन कळेल?

ज्याचं उत्तर सगळ्या जगाला माहीत आहे, त्याला मार्क देऊ नका. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. आमच्याकडे साध्या लंबकाचं जर्नल वर्षानुवर्षं तेच: गुरुत्वत्वरण जी काढा, ९.८ आणा, सही घ्या. मी ते मोडून घरी करायला दिलं. दोऱ्याला घरातलं कुलूप बांधायचं आणि लांबी फक्त गाठीपर्यंत मोजायची. ४०, ६०, ८० आणि १०० सेंटिमीटरला प्रत्येकी २० आंदोलनांची वेळ मोबाइलवर तीनदा घ्यायची. कुलपाचा गुरुत्वमध्य गाठीखाली d अंतरावर असतो, म्हणून एका आंदोलनाची वेळ T आणि गाठीपर्यंतची लांबी l धरली तर

T² = (4π²/g)(l + d)

T² आणि l यांचा ग्राफ काढला की रेषा शून्यातून जात नाही. l चा अक्ष शून्याच्या डावीकडे d इतक्या अंतरावर कापते. मार्क या d ला. जी ला शून्य.

आता गंमत बघा. d पाच सेंटिमीटर असेल, तर ८० सेंटिमीटर दोऱ्याला २० आंदोलनं साधारण ३७ सेकंदांत होतात. दोरा न हलवता d नसलेल्या पुस्तकी सूत्रावरून आकडे पाडले, तर ३५.९ येतात. बोटाची चूक एखाद-दोन दशांश सेकंदाची, हा फरक सेकंदाहून मोठा. मित्राचं उतरवलं तर मित्राच्या कुलपाचा d येतो. म्हणून कुलूप वर्गात आणायला लावायचं, मुलासमोर पट्टी धरायची आणि ‘गाठ कुठे होती?’ एवढंच विचारायचं. ज्याने केलंय तो बोट ठेवतो.

आमचे विभागप्रमुख म्हणायचे, ‘सर, हाताने लिहून घ्या, कॉपी थांबेल.’ कशी थांबेल? हाताने उतरवायला काय बंदी आहे? मग त्यांनी नकलेची टक्केवारी सांगणारं सॉफ्टवेअर आणायचं काढलं. ते मजकूर तपासतं, रीडिंग नाही. वर प्रामाणिक मुलाने पुस्तकी भाषेत लिहिलं की त्यालाच धरतं. मी दोन्हीला नाही म्हटलं आणि आजही म्हणतो.

अर्थात, हुशार मुलगा मशीनला d आधीच सांगून आकडे बनवून घेईल. तिथे तीन रीडिंग बघा: ३७.०२, ३७.०३, ३७.०२ असं हाताने सहसा येत नाही. पण तेवढ्यावरून आरोप करू नका, समोर पुन्हा एकदा २० आंदोलनं मोजायला लावा. साठ मुलांच्या वर्गात हे सगळ्यांचं जमत नाही, मी शंका आली त्यांचंच करतो. आणि तुम्ही इतिहास किंवा मराठी शिकवत असाल तर कुलूप चालणार नाही, पण मुलाच्या हाताशी असलेलं आणि नेटवर नसलेलं काहीतरी तिथेही लागेलच.

विभागप्रमुख अजून हाताने लिहिलेली जर्नलंच मागतात, समासासकट.