दहा मिनिटांचा जर्नल क्लब: हायड्रॉक्सियुरियाच्या पेपरचं उदाहरण

प्रश्न: नागपूरला मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला आहे. सिकल सेलमध्ये हायड्रॉक्सियुरियाचा, न्यू इंग्लंड जर्नलमधला १९९५ चा पेपर जर्नल क्लबला मिळालाय. वेळ दहा मिनिटं, स्लाइड झाल्यात बावीस. काय कापू?

उत्तर: कापत बसू नका, नव्या फाइलमध्ये सातच स्लाइड मांडा. सिकल सेल म्हणजे काय, हे विदर्भातल्या रेसिडेंट्सना सांगायची गरज नाही. तिथेच तुमच्या पाच-सहा स्लाइड गेल्या असणार.

पहिल्या स्लाइडवर एकच वाक्य: वर्षाला तीन किंवा जास्त पेनफुल क्रायसिस येणाऱ्या प्रौढांना हे औषध दिलं, तर प्लासिबोपेक्षा क्रायसिस कमी होतात का? अर्धा मिनिट. दुसरीवर पेशंट: एकूण २९९, औषधावर १५२, प्लासिबोवर १४७. एक मिनिट.

तिसरीला दीड मिनिट द्या. बाण काढून डिझाइन दाखवा: रँडमायझेशन, डबल ब्लाइंड, सुरुवात किलोमागे १५ मिलिग्रॅमने, मग रक्तपेशी किंचित दबेपर्यंत डोस वाढवत नेणं. इथे कुणीतरी हमखास विचारणार की या औषधाने एमसीव्ही वाढतो, मग रिपोर्ट बघून डॉक्टरला औषध ओळखू येणार नाही का? ते कसं टाळलं हे मेथड्समध्ये वाचून ठेवा.

चौथी स्लाइड मुख्य, तिला दोन मिनिटं. पेपरमधला टेबल चिकटवू नका, मागच्या बाकावरून काही दिसत नाही. दोन उभे बार काढा: वर्षाला मीडियन क्रायसिस ४.५ आणि २.५. 'चव्वेचाळीस टक्के घट' म्हणा, पण लगेच 'म्हणजे वर्षाला दोन क्रायसिस कमी' हेही म्हणा. नुसती टक्केवारी ऐकून फायदा किती, ते कळत नाही. मीडियन का घेतला तेही सांगा: काही पेशंटना इतके क्रायसिस येतात की सरासरी त्यांच्याकडेच ओढली जाते.

पाचवी एका मिनिटात पटकन उरका. चेस्ट सिंड्रोम झालेले २५ विरुद्ध ५१, रक्त चढवावं लागलेले ४८ विरुद्ध ७३. मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही, हे लपवू नका.

सहावीवर मर्यादा, दीड मिनिट. 'सॅम्पल लहान होतं' हे सगळेच म्हणतात, इथे त्यात दम नाही. खरा मुद्दा असा की फायदा दिसल्यामुळे ट्रायल लवकर थांबवली, फॉलोअप सरासरी २१ महिन्यांचाच. अशा ट्रायलमध्ये परिणाम प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसू शकतो, आणि दीर्घकालीन धोक्याबद्दल हा पेपर काही सांगू शकत नाही.

सातवी आपल्या वॉर्डाची, दीड मिनिट. ते पेशंट अमेरिका-कॅनडातले होते. आपल्याकडे अरब-इंडियन हॅप्लोटाइप जास्त, त्यात एचबीएफ बहुधा मुळातच जास्त असतं, तरी गंभीर पेशंट इथेही भरपूर आहेत. म्हणून २.५ आणि ४.५ हे आकडे जसेच्या तसे लावू नका. शिवाय डोस वाढवताना वारंवार सीबीसी लागतो. गडचिरोलीहून येणाऱ्या पेशंटचा तो कुठे होणार, हा प्रश्न तुम्हीच मांडा, नाहीतर एचओडी मांडतील.

बेरीज नऊ मिनिटं होते. दहावं तसंच मोकळं ठेवा, प्रोजेक्टर जोडण्यात ते जातंच.