ग्रिड सीलिंगची दोरी नेमकी कशी लावायची?

प्रश्न: नाशिकला अंबडमध्ये ऑफिस आहे, १२ बाय २० फूट. दोरी बांधूनसुद्धा ग्रिड मधे लाटेसारखी दिसते. का?

उत्तर: बहुतेक वेळा मेन रनर, म्हणजे ग्रिडची मुख्य लांब पट्टी, दोरीला टेकलेला असतो. टेकला की तो दोरीला खाली ढकलतो, आणि रनर स्लॅबला टांगणारे पुढचे हँगर त्या वाकलेल्या दोरीवर जुळवले जातात.

आधी पाणी भरलेल्या लेव्हल पाइपने चारही भिंतींवर एकच खूण घ्या. पाइपात हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. स्लॅबपासून मोजून खूण करू नका, स्लॅब क्वचितच समतल असतो. खुणेवर वॉल अँगल, म्हणजे भिंतीलगतची काटकोनी पट्टी, ठोका.

आता १० मिमी जाडीचे प्लायचे तीन सारखे तुकडे घ्या. दोन तुकडे समोरासमोरच्या अँगलच्या तळाशी लावून त्यांच्या खालून नायलॉनची दोरी ताणा. तिसरा तुकडा हातात ठेवा. प्रत्येक हँगरपाशी रनरचा तळ आणि दोरी यांच्यात तो जेमतेम सरकला पाहिजे. अडकला तर रनर वर घ्या, सैल गेला तर खाली सोडा. दोरी २० फुटांच्या बाजूने नको, १२ फुटांच्या बाजूने आडवी बांधा. लांब दोरी स्वतःच्या वजनानेच झोल खाते. ही दोरी दर चार फुटांवरच्या हँगरच्या ओळीखाली सरकवत न्या.

रनरना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे क्रॉस टी, बसवल्यावर ६०० मिमीच्या एका चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, साधारण ८४८ मिमी यायला हवेत. फरक असेल तर टाइल बसणार नाही, मग लेव्हल कितीही अचूक असो.