प्रकृती, तबीयत आणि 'हम देख लेंगे'

"सांगलीच्या आमच्या बँक शाखेत कानपूरचे एक अधिकारी आहेत. मिरजेत त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. शाखेतर्फे मी त्यांना हिंदीत चार ओळी लिहिल्या, आणि चेन्नईच्या सहकाऱ्यांनाही खाली नावं घालता यावीत म्हणून त्यांचं इंग्रजी केलं. हिंदी बरं वाटतंय, इंग्रजी मात्र नोटिशीसारखं कोरडं झालंय. 'वॉर्म' कसं करू? माझं हिंदी असं: 'आपकी प्रकृति बिगड़ गई सुनकर बुरा लगा। भगवान करे आपको जल्दी अच्छा लगे। आपके बिना ब्रांच सूनी सूनी है। काम का टेंशन मत लो, हम देख लेंगे।'"

इंग्रजी थोडं बाजूला ठेवू या. अडचण हिंदीपासूनच सुरू झाली आहे. हे हिंदी तुम्हाला बरं वाटतं कारण त्यातलं प्रत्येक वाक्य आधी मराठीत सुचलेलं आहे. 'प्रकृती बिघडली', 'बरं वाटू दे', 'सुनं सुनं', 'बघून घेऊ'. कानपूरचा माणूस हे वाचेल तेव्हा त्याच्या कानात मराठी नसेल.

पहिला शब्द 'प्रकृति'. हिंदीत त्याचा रोजचा अर्थ निसर्ग, आणि माणसाबद्दल म्हटलं तर स्वभाव. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ राहत होतो तेव्हा शेजारी इंदूरचं कुटुंब होतं. त्या काकू तापातून उठल्या तेव्हा आईनं त्यांना प्रेमानं विचारलं, "अब आपकी प्रकृति कैसी है?" काकू क्षणभर थांबल्या, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मेरी तबीयत? अब ठीक है, बहनजी." आईनं पुढे कायम 'तबीयत'च म्हटलं, आणि मला तेव्हापासून या दोन शब्दांचं कुतूहल लागलं.

गंमत अशी की दोन्ही शब्द एकाच वाटेनं आले आहेत. 'प्रकृती' म्हणजे मूळ घडण, आयुर्वेदातली वात-पित्त-कफाची घडण. तिच्यावरून मराठीत ती 'तब्येत' या अर्थाला आली. 'तबीयत' हा अरबी शब्द. त्याचाही मूळ अर्थ स्वभाव, निसर्गदत्त घडण असाच, आणि तोही पुढे आरोग्याकडे वळला. मराठीनं दोन्ही ठेवले. हिंदीनं आरोग्यासाठी 'तबीयत' घेतला आणि 'प्रकृति'ला निसर्गाकडे पाठवलं. म्हणून तुमच्या संदेशात 'तबीयत' हवं.

त्यातही 'तबीयत बिगड़ गई' हे ऑपरेशन होऊन गेलेल्या माणसाला लिहू नका. त्यांची तबीयत आता सुधारते आहे. जे घडलं त्याचं नाव सरळ घ्यावं: 'आपके ऑपरेशन की ख़बर मिली'. आणि 'बुरा लगा' बदला. हिंदीत ते चूक नाही, पण 'बुरा लगना'त राग येण्याची, मनाला लागण्याची छटा आधी डोकावते. 'दुख हुआ' लिहावं तर ते सांत्वनाच्या पत्राकडे झुकतं. आजारपणाला 'चिंता हुई' हाच नेमका शब्द, आणि त्याच्या जोडीला 'तसल्ली हुई'. काळजी वाटली होती, आता जीव भांड्यात पडला, या दोन्ही गोष्टी एका वाक्यात येतात.

'आपको जल्दी अच्छा लगे' हे 'तुम्हाला लवकर बरं वाटो'चं शब्दशः हिंदी. मराठीत 'बरं वाटणं' हे आजारातून उठणंही आहे आणि आवडणंही. हिंदीत 'अच्छा लगना' म्हटलं की वाचणारा आधी आवडण्याकडेच जातो: 'मुझे आपका गाना अच्छा लगा'. इथे 'जल्दी ठीक हो जाइए' किंवा 'जल्दी स्वस्थ हो जाइए' हवं. यातलं 'स्वस्थ' मराठी माणसाला लिहवत नाही, कारण आपल्याकडे 'स्वस्थ बस' म्हणजे हालचाल न करता गप्प बस. मूळ संस्कृत अर्थ 'स्वतःच्या ठायी असलेला'. मराठीनं त्यातला निवांतपणा घेतला, हिंदीनं निरोगीपणा. सुश्रुतसंहितेत स्वस्थ माणसाचं जे लक्षण दिलं आहे त्यात दोष, अग्नी आणि धातू समतोल असण्याबरोबर आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न असणंही आहे. त्या एका व्याख्येत दोन्ही भाषांचे अर्थ शेजारी बसलेले दिसतात. तेव्हा 'स्वस्थ' निर्धास्तपणे लिहा, कानपूरला ते गोड लागतं.

'शीघ्र स्वास्थ्य लाभ की कामना करते हैं' हे सरकारी हिंदीतलं तयार वाक्यही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. व्याकरणात ते निर्दोष आहे, पण परिपत्रकातलं आहे. ज्यांच्याबरोबर रोज डबा खाता त्यांना ते लिहू नये.

'ब्रांच सूनी सूनी है' हे मात्र काढाच. घर सुनं होणं कधी म्हणतात ते मराठी माणसाला सांगायला नको, आणि हिंदीतही ते तसंच आहे. 'आपकी कमी खलती है' त्याच्या जवळचं, पण श्रद्धांजलीच्या जाहिरातींत ते इतकं छापलं गेलंय की दवाखान्यातून नुकत्याच घरी आलेल्या माणसाला नको. त्याऐवजी त्यांची एखादी खरी गोष्ट आठवा. चार वाजताच्या चहाला ते किस्से सांगतात का? मग 'आपके क़िस्सों के बिना चार बजे की चाय फीकी लग रही है'. हे वाक्य दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही, आणि हाच त्याचा जिव्हाळा.

आता सगळ्यात नाजूक जागा, 'मत लो, हम देख लेंगे'. 'आप' म्हणून आदर दिला की शेवटी क्रियापदानंही तो द्यावा लागतो. आपल्याकडच्या बोली हिंदीत 'आप बैठो', 'आप मत लो' सर्रास चालतं, पण उत्तरेकडच्या माणसाला कागदावर ते खटकतं. 'मत कीजिए' हवं, आणि त्याहून मऊ 'मत कीजिएगा'. हा '-गा' आज्ञेला पुढच्या काळात ढकलतो, म्हणून सांगण्याचा जोर कमी होतो. मराठीत 'करू नका' आणि 'करू नका हं' यांत जो फरक, जवळपास तोच.

'देख लेंगे'त तर धमकीसुद्धा आहे. 'देख लूँगा तुझे' आणि आपलं 'बघून घेईन तुला' सख्खे भाऊ आहेत. कामाच्या संदर्भात अर्थ कळेल, पण 'सँभाल लेंगे' लिहिलंत तर शंकाच राहत नाही. शिवाय कानपूरकडे माणूस स्वतःबद्दलही 'हम' म्हणतो. नुसतं 'हम' लिहिलं तर काम तुम्ही एकट्यानं ओढणार असं त्यांना वाटून उलट काळजी लागेल. 'हम सब' लिहा.

तर हिंदी असं होईल:

'आदरणीय भाईसाहब, आपके ऑपरेशन की ख़बर से हम सबको चिंता हुई थी। सब ठीक से हो गया, यह जानकर बड़ी तसल्ली हुई। अब जी भरकर आराम कीजिए। मार्च का काम हम सबने आपस में बाँट लिया है, उसकी फ़िक्र बिलकुल मत कीजिएगा। हाँ, आपके क़िस्सों के बिना चार बजे की चाय फीकी लग रही है। घर पर किसी चीज़ की ज़रूरत हो तो बस एक फ़ोन कर दीजिएगा।'

आता इंग्रजी. या हिंदीतली ऊब बरीचशी 'आप', 'कीजिएगा', 'भाईसाहब' यांत आहे, आणि इंग्रजीत यांपैकी काहीच नाही. तिथे सगळ्यांना एकच 'यू'. म्हणून शब्दाला शब्द ठेवत गेलं की माहिती उरते, माया गळते. नोटिशीसारखं वाटतं ते यामुळे. ती माया दुसऱ्या जागी ठेवावी लागते: 'प्लीज'मध्ये, 'सो रिलीव्हड'मधल्या 'सो'मध्ये, 'हॅज नॉट'ऐवजी बोलण्यातल्या 'हॅजन्ट'मध्ये, आणि सर्वांत जास्त त्या चहात.

'भाईसाहब'चं 'रिस्पेक्टेड ब्रदर' करू नका, 'डिअर' आणि पुढे त्यांचं नाव पुरे. 'चिंता हुई'चं 'वुई वेअर टेन्स्ड' नको, 'वुई वेअर वरीड'. 'हम देख लेंगे'चं 'वुई विल सी' केलंत तर इंग्रजीत त्याचा अर्थ 'बघू, नक्की नाही' असा होतो, म्हणजे तुमच्या आश्वासनाच्या नेमका उलटा. तुमच्या 'भगवान करे'चं 'यू आर इन अवर प्रेयर्स'ही टाळा. ते फार गंभीर प्रसंगांना वापरतात, वाचणारा उगाच दचकेल. आणि 'स्पीडी रिकव्हरी' बरोबर असलं तरी बँकेत 'रिकव्हरी' म्हणजे दिवसभर थकीत कर्जाची वसुली. तुमच्याच लोकांच्या कानाला ते बरं लागणार नाही.

'वुई वेअर वरीड व्हेन वुई हर्ड अबाउट युवर ऑपरेशन, अँड सो रिलीव्हड टु नो इट वेंट वेल. प्लीज टेक ऑल द रेस्ट यू नीड. वुईव्ह शेअर्ड आउट द मार्च वर्क, सो प्लीज डोन्ट गिव्ह इट अ थॉट. द फोर ओ'क्लॉक टी हॅजन्ट बीन द सेम विदाउट युवर स्टोरीज. इफ यू नीड एनिथिंग ॲट होम, जस्ट कॉल.'

हिंदीत 'फीकी' आहे, इंग्रजीत मी 'टेस्टलेस' केलं नाही. तसं केलं तर चहावाल्याची तक्रार वाटते. 'हॅजन्ट बीन द सेम' म्हटलं की तुमच्यावाचून काहीतरी कमी आहे एवढंच पोचतं, आणि हिंदीतल्या 'फीकी'चं कामही तेवढंच होतं. तसंच 'कम बॅक सून' मी मुद्दाम घातलं नाही. आराम करा म्हणून लगेच लवकर या म्हटलं, आणि खाली वरिष्ठांचंही नाव असलं, तर ती रजेची आठवण करून दिल्यासारखी वाटते. आजार लांबणारा असेल तर 'गेट वेल सून'मधला 'सून' आणि हिंदीतला 'जल्दी' दोन्ही गाळावेत. पित्ताशयाच्या ऑपरेशनला मात्र चालतील, आणि तुम्हाला हवंच असेल तर हिंदीच्या शेवटी 'जल्दी स्वस्थ हो जाइए' जोडा.

एक गोष्ट राहिली, चेन्नईची. ते लोक तुमच्या चहाला कधी बसलेले नाहीत, मार्चचं कामही त्यांनी वाटून घेतलेलं नाही. त्यांची नावं खाली आली की 'वुई' खोटा पडतो, आणि तुमच्या साहेबांना ते लगेच जाणवेल. म्हणून वरच्या मजकुराखाली सांगलीच्या सगळ्यांची नावं घाला, मग एक ओळ सोडून लिहा: 'अँड फ्रॉम ऑल ऑफ अस इन चेन्नई, वुई आर थिंकिंग ऑफ यू.' त्यांची नावं त्या ओळीखाली.